सहीची पीडीएफ आणि पाच वर्षांनंतरची पडताळणी

प्रश्न : नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराने 2021 मध्ये निर्यातदाराशी केलेल्या कराराच्या पीडीएफवर आता प्रश्नचिन्ह दिसते. सही बाद झाली का?

उत्तर : नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मध्ये डिजिटल सही आधी आली. इलेक्ट्रॉनिक सही ही व्यापक संज्ञा 2008 च्या दुरुस्तीने आली आणि आधारवर आधारित ई-साइन तिच्यात मोडते. सहीचा फोटो चिकटवला तरी करार होऊ शकतो, पण तो फोटो कोणीही कापून दुसरीकडे लावू शकतो. सही कोणाची, हे मग ईमेल आणि साक्षीपुराव्याने सिद्ध करावे लागते.

डिजिटल सही फायलीच्या मजकुराचा गणिती ठसा खासगी किल्लीने बांधते. नंतर दरातला एक आकडा बदलला तरी ठसा जुळत नाही आणि सही अवैध दिसते. प्रश्नचिन्हाचा अर्थ वेगळा : मजकूर शाबूत असेल, पण प्रमाणपत्राची खात्री पटलेली नाही. बहुधा भारताचे मूळ प्रमाणपत्र त्या संगणकाच्या विश्वासयादीत नसते. डिजिटल सातबाऱ्यावरही हेच दिसते.

खरी अडचण मुदतीची. सहीचे प्रमाणपत्र दोन-तीन वर्षांत संपते, ई-साइनचे तर अर्ध्या तासात. म्हणून सहीच्या वेळीच त्रयस्थ यंत्रणेचा कालशिक्का आणि प्रमाणपत्र रद्द नसल्याचा पुरावा फायलीतच साठवावा लागतो. तसे असल्यास ॲक्रोबॅटच्या सही-तपशिलात `Signature is LTV enabled` दिसते. कालशिक्का नसेल तर सहीची वेळ केवळ सही करणाऱ्याच्या संगणकाच्या घड्याळावर अवलंबून राहते.

मूळ फाइलच जपावी. छापील प्रतीत यातले काहीच उरत नाही.