बॉयलरवरच्या इंजिनिअरचं कव्हर लेटर

टोमॅटोचा हंगाम बरा गेला की नारायणगावातले पालक एकच प्रश्न घेऊन येतात. "सर, सायबर सिक्युरिटीला स्कोप आहे म्हणे. पोराला पुण्यात क्लास लावू का?" पोरगा मेकॅनिकल झालेला, साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पात बॉयलरवर कामाला. माझं उत्तर स्पष्ट आहे. कर्ज काढून एथिकल हॅकिंगचा क्लास लावू नका. भावकीतला कुणी आयटीत गेला म्हणून तर मुळीच नको. क्लास करून तो कॉम्प्युटरवाल्यांच्या रांगेत सगळ्यात मागे उभा राहील आणि बॉयलरवर शिकलेलं स्वतःच झाकून ठेवेल.

त्याच्यासाठी दुसरी वाट आहे: कारखाने चालवणाऱ्या पीएलसी आणि स्काडा यंत्रणांची सुरक्षा. तिथे यंत्र कळणारा माणूस लागतो. पण अर्जासोबतचं पत्र बहुतेक मुलं बिघडवतात. आंबेगावच्या एका मुलाचं पत्र माझ्याकडे आलं, त्यात पहिलंच वाक्य होतं, "मला सायबर सिक्युरिटीची प्रचंड आवड आहे." खाली तीन सर्टिफिकेटं आणि बॉयलरबद्दल एक ओळ. मी त्याला एवढंच विचारलं, "ड्यूटीवर असताना स्क्रीन खोटं बोलतेय असं कधी झालं का?"

झालं होतं. बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी स्क्रीनवर सेटपॉइंटच्या किंचित वर, अगदी सरळ रेषेत होती. चालू बॉयलरची पातळी अशी कधीच राहत नाही, ती सतत थोडी हलते. शिवाय वाफ ताशी ६० टन बाहेर जात होती आणि फीडवॉटर ताशी ४० टनच येत होतं. मग पातळी स्थिर कशी? त्याने वॉटरमनला गेज ग्लास बघायला पाठवलं. पाणी बरंच खाली गेलेलं. ट्रान्समीटरची इम्पल्स लाइन चोक झाली होती. पाणी जास्त आहे असं समजून कंट्रोलर व्हॉल्व्ह बंद करत चालला होता. फीडवॉटर हातावर घेऊन पातळी वर आणली नसती, तर काही मिनिटांत ट्यूब कोरड्या पडल्या असत्या.

हा बिघाड होता, हल्ला नव्हता. पण हल्लेखोर नेमकं हेच करतो. २०१० साली उघडकीला आलेल्या स्टक्सनेटने इराणच्या सेंट्रिफ्यूजचा वेग बदलला आणि ऑपरेटरला मात्र सगळं ठीक असल्याचे जुने आकडे दाखवले. बॉयलरवर असा खोटेपणा वाफ-पाण्याच्या हिशेबातून पकडता येतो. तो हिशेब या मुलाला येतो, म्हणून पत्राची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. आम्ही ती अशी केली:

"ड्रमची पातळी चुकीची दिसत असल्याचं मी वाफ आणि फीडवॉटर यांच्या तफावतीवरून ओळखलं. त्यानंतर एक प्रश्न सुटला नाही. हाच आकडा नेटवर्कवरून कुणी बदलला असता, तर आम्हाला कशावरून कळलं असतं? लो-लेव्हल ट्रिप त्याच सिग्नलवर असती, तर तीही वाचवू शकली नसती. म्हणून मला या क्षेत्रात यायचं आहे."

दुसऱ्या परिच्छेदात काय येत नाही आणि त्यासाठी काय चाललंय ते लिहायचं. नेटवर्किंगमध्ये तो नवा आहे. घरी पीएलसी सिम्युलेटर चालवून वायरशार्कमध्ये मॉडबसचे संदेश वाचतो. साध्या मॉडबसला पासवर्डच नसतो, नेटवर्कवर पोहोचलेला कुणीही व्हॉल्व्हचा आकडा बदलू शकतो, हे त्याने स्वतः करून पाहिलंय. अमेरिकेच्या सिसा या सरकारी संस्थेचं या विषयातलं ऑनलाइन प्रशिक्षण मोफत आहे. तेवढं केलं तरी सुरुवातीला पुरे.

"मी तुमच्या प्लांटचं स्कॅनिंग करून त्रुटी शोधीन" हे वाक्य मी खोडलं. जोरात स्कॅन केलं तर जुना पीएलसी अडकू शकतो, आणि चालू बॉयलरवर ते परवडत नाही. त्याऐवजी लिहिलं, "गाळप चालू असताना पॅच टाकता येत नाही, हे मला माहीत आहे. तोवर व्हेंडरचं रिमोट कनेक्शन काम संपल्यावर बंद होतं का, ते पाहणं मला जमेल." ऑफ-सीझनच्या दुरुस्तीसाठी दिलेलं असं कनेक्शन हंगाम सुरू झाला तरी उघडं राहतं. ते शोधायला हॅकर लागत नाही. कोणता ठेकेदार कधी आला होता, हे लक्षात असलेला माणूस लागतो.

पहिला पगार आताच्यापेक्षा फार वाढेलच असं नाही, हे पालकांनी ऐकून ठेवावं. सुरुवात बहुधा एखाद्या ऑटोमेशन कंपनीत, साइटवर फिरून उपकरणांची यादी करण्यापासून होईल. त्या काळात "क्लास लावला असता तर" हे घरात रोज ऐकवू नका.

आणि पत्र पाठवण्याआधी मुलाने एक गोष्ट तपासावी. कारखान्याचं नाव घेऊन तिथल्या त्रुटी, आयपी पत्ते किंवा नेटवर्कचा नकाशा त्यात नको. जुन्या मालकाच्या उघड्या खिडक्या पत्रात सांगणाऱ्याला या क्षेत्रात कुणी मुलाखतीलाही बोलावत नाही.