खोक्याचं माप, घनमीटर आणि घनफूट

पोरी, चपलांची खेप न्यू जर्सीला पाठवायची तर तुला दोन भाषांत बोलावं लागणार. न्हावा शेव्याचा फॉरवर्डर सगळं सीबीएममध्ये सांगेल, म्हणजे घनमीटरमध्ये. तिकडचा गिऱ्हाईक विचारेल, माझ्या गोदामात किती घनफूट जागा मोकळी ठेवू? दोघांच्या मधे तू. तेव्हा हे एकदा नीट ऐकून ठेव.

एका घनमीटरचे ३५.३१४७ घनफूट होतात. आकडा कुठून आला ते कळलं की पाठ करावा लागत नाही. फूट म्हणजे बरोबर ३०.४८ सेंटिमीटर, म्हणून मीटरमध्ये ३.२८०८ फूट. लांबीला तेवढे, रुंदीला तेवढे, उंचीला तेवढे. तिघांचा गुणाकार केलास की ३५.३१. आपल्याकडे लोकांच्या डोक्यात ३.२८ पक्का बसलेला असतो आणि घाईत घनमीटरलाही ते त्यानंच गुणतात. मग साडेचार घनमीटर मालाचे पंधरा घनफूट होतात आणि कागदावर ते दिसतातही व्यवस्थित. असा घोळ पकडायला वाळूचा ब्रास आठव. ब्रास म्हणजे १०० घनफूट, घनमीटरमध्ये २.८३. वीस फुटी कंटेनर आतून साधारण ३३ घनमीटरचा, म्हणजे पावणेबारा ब्रासच्या आसपास. बांधकामावर पडलेला ब्रासभर ढीग तू पाहिलेला आहेस. तुझं उत्तर त्या ढिगाशी जुळत नसेल तर कुठेतरी चुकलंय, हे तिथल्या तिथे कळतं.

तोंडी हिशोबाला ३५ नं गुणायचं आणि आलेल्या आकड्यात शंभराला एक मिळवायचा. फोनवर भाव ठरवायला एवढं पुरतं. कागदावर मात्र ३५.३१४७ च.

आता तुझंच खोकं घेऊ. ६० बाय ४० बाय ४० सेंटिमीटर, भरल्यावर १४ किलो, एकूण ४८ खोकी. एका खोक्याचे ९६,००० घनसेंटिमीटर, म्हणजे ०.०९६ घनमीटर. अठ्ठेचाळीसचे ४.६०८ घनमीटर. त्याला ३५.३१४७ नं गुणलं की १६२.७३ घनफूट. क्रम लक्षात ठेव: आधी सगळी बेरीज घनमीटरमध्ये, मग शेवटी एकदाच घनफूट. शीटमध्ये लांबी, रुंदी, उंची आणि नग असे चार रकाने कर, पाचव्यात घनमीटर आणि सहाव्यात घनफूट:

```
E2: =A2*B2*C2*D2/1000000
F2: =E2*35.3147
```

हा क्रम उलटा केला तर काय होतं ते बघ. गिऱ्हाईक म्हणाला, मापं इंचात दे. तू ६० सेंटिमीटरचे २३.६२ इंच काढलेस आणि सरळ २४ लिहिलेस. ४० चे १५.७५ आले, तिथे १६ लिहिलेस. पाव इंचानं काय बिघडतं, असं वाटतं. पण २४ गुणिले १६ गुणिले १६, भागिले १७२८, म्हणजे खोक्याला ३.५६ घनफूट आणि ४८ खोक्यांचे १७०.६७. खरे होते १६२.७३. आठ घनफूट नुसते आकडे गोल करण्यात वाढले, म्हणजे जवळजवळ पाव घनमीटर. तीन बाजूंचा गुणाकार असल्यामुळे प्रत्येक बाजूची छोटी चूक दुसरीच्या डोक्यावर चढते. इंचात द्यायचंच असेल तर २३.६२ बाय १५.७५ बाय १५.७५ असं दे, आणि गोल काय करायचं ते अगदी शेवटच्या बेरजेला.

यापेक्षा मोठा फरक पडतो तो टेपनं. पॅकिंग लिस्टवर तू लिहितेस ते खोकंवाल्यानं सांगितलेलं माप. ते पुष्कळदा आतलं असतं, आणि रिकाम्या खोक्याचं असतं. माल सीएफएसला उतरला की तिथे माप घेतात ते बाहेरून, जिथे खोकं सर्वांत फुगलंय तिथे. चपला दाबून भरल्यावर पोट बाहेर येतंच. प्रत्येक दिशेला फक्त दोन सेंटिमीटर धर: ६२ बाय ४२ बाय ४२. तेवढ्यानं ४८ खोक्यांचे ५.२५ घनमीटर होतात, म्हणजे १८५ घनफूट. चौदा टक्के जास्त, आणि एलसीएलचं भाडं घनमीटरवर असल्यामुळे बिलही तेवढंच जास्त. म्हणून पट्टी मारून झाल्यावर चार-पाच भरलेली खोकी वेगवेगळ्या थप्पीतून काढ, टेप पोटावर लाव आणि तेच माप लिही. फुगवटा नको असेल तर पाच थरांचा पुठ्ठा घे किंवा माल थोडा कमी भर. पट्टी करकचून आवळून तो जात नाही, उलट कोपरे दबतात.

पॅलेटवर द्यायचं ठरलं तर हिशोब पुन्हा मांडायचा. १२० बाय १०० च्या पॅलेटवर तुझी पाच खोकी एका थरात अगदी चपखल बसतात. चार थर केले की वीस खोकी, आणि पॅलेटची उंची साधारण १५ धरून १७५ सेंटिमीटर. दोन पॅलेट भरली तरी आठ खोकी उरतात, ती तिसऱ्यावर. या तिसऱ्याचं माप धरताना दुसऱ्या थरात दोन खोक्यांची जागा रिकामी आहे म्हणून कुणी सूट देत नाही. तिन्ही मिळून ५.३४ घनमीटर, १८८.६ घनफूट. ऑर्डर ४० खोक्यांची करता आली तर बघ, नाहीतर ५० ची; तिसरं पॅलेट निदान सपाट भरेल.

भाव विचारताना आणखी एक जागा फसवी आहे. माप घनमीटरचं घनफूट करताना गुणायचं, पण दर मात्र भागायचा. समजा एकानं घनमीटरला ६० डॉलर सांगितले आणि दुसऱ्यानं घनफुटाला १.८०. ऐकायला दुसरा स्वस्त वाटतो. ६० ला ३५.३१ नं भाग: घनफुटाला १.७० पडले. म्हणजे पहिलाच स्वस्त. शिवाय दोघांच्या दरात काय धरलंय तेही विचार, कारण तिकडच्या बंदरातले उतरवण्याचे पैसे एखादा वेगळे लावतो.

वजनाची बाजू तुझ्या मालात येत नाही, तरी माहीत असू दे. एलसीएलचं भाडं वजन किंवा माप, जे जास्त त्यावर असतं, आणि एक टन म्हणजे एक घनमीटर असं धरतात. घनफुटात सांगायचं तर २८.३ किलो. घनफुटाला त्याहून जड माल असला की घनफूट मोजून उपयोग नाही, वजनावर बिल येतं. तुझी ४८ खोकी ६७२ किलो, घनफुटाला जेमतेम चार किलो. तू कायम मापावरच राहणार.

पुढे धंदा वाढला आणि अख्खा वीस फुटी घ्यायची वेळ आली, की ३३ भागिले ०.०९६ करून ३४३ खोकी बसतील असं गिऱ्हाइकाला कळवू नकोस. खोकं काही पाणी नाही, कोपऱ्यात शिरायला. कंटेनर आतून साधारण ५९० सेंटिमीटर लांब, २३५ रुंद, २३९ उंच. तिथे तुझी ६० बाय ४० ची खोकी मांड. सगळी एकाच तोंडानं लावलीस तर थरात ४५. रुंदीत तीन खोकी आडवी आणि एक उभं अशी मिसळ केलीस तर ५१. यापेक्षा चांगली मांडणी मला तरी सापडलेली नाही. आता उंची: ४० सेंटिमीटरचे सहा थर म्हणजे २४०, आणि छत २३९ वर. एका सेंटिमीटरनं सहावा थर गेला. पाच थरांत २५५ खोकी, साडेचोवीस घनमीटर, ८६५ घनफूट. कंटेनरचं भाडं मात्र पूर्ण, ११७० घनफुटांचं.

इथे घनफुटाच्या हिशोबात डोकं घालण्यापेक्षा खोक्यात घाल. तुझे आतले डबे १२ सेंटिमीटर उंचीचे, तीन थर म्हणजे ३६. पुठ्ठा धरून ३७.५ च्या खोक्यात ते बसायला हवेत. ४० हे माप फक्त खोकंवाल्याकडे तयार होतं म्हणून आलेलं. ३७.५ चे सहा थर २२५ होतात. कंटेनरच्या दाराची उंची आतल्यापेक्षा कमी असते, साधारण २२८. म्हणजे दाराजवळची शेवटची ओळसुद्धा न अडता आत जाते, आणि वर फुगवट्याला थोडी सवड राहते. आता ५१ सक ३०६ खोकी. तेवढ्याच भाड्यात ५१ खोकी जास्त, माल २७.५ घनमीटर, ९७३ घनफूट. रुंदीत मात्र कागदावर १५ सेंटिमीटर मोकळे दिसतात ते तसेच राहू दे, भरलेल्या चार खोक्यांचा फुगवटा त्यातच मावतो. उरलेल्या फटीत हवेच्या पिशव्या घाल, नाहीतर जहाज डोलायला लागलं की थप्प्या कलतात.

कंटेनरची आतली मापं कंपनीगणिक सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे होतात. तेव्हा ऑर्डर पक्की करण्याआधी त्या लाइनचा मापाचा तक्ता मागव, आणि तक्त्यापेक्षा दोन सेंटिमीटर कमीच धरून मांडणी कर.

बुकिंगच्या मेलमध्ये खोक्यांची संख्या, एका खोक्याचं बाहेरचं माप सेंटिमीटरमध्ये, एकूण घनमीटर तीन दशांशांपर्यंत आणि एकूण किलो एवढं लिही. घनफूट गिऱ्हाइकाच्या माहितीसाठी, खालच्या ओळीत, वेगळे. दोन्ही आकडे एकाच रकान्यात लिहिलेस की कारकून जो आधी दिसेल तो उचलतो, आणि १६२ घनमीटरचं बुकिंग म्हणजे पाच कंटेनर. सीएफएसला माल उतरला की त्यांनी घेतलेलं माप त्याच दिवशी मागव. तुझ्या आकड्याशी जुळत नसेल तर पुन्हा टेप लावायला सांगायची वेळ तीच, कंटेनरमध्ये माल भरून सील लागलं की मग ते माप बदलत नाही.