शिफारसपत्रात एक गुण, एक प्रसंग

प्रश्न : सहकारी शिक्षिकेच्या शिफारसपत्रात ‘मेहनती, मनमिळाऊ, वक्तशीर’ असे सगळे लिहिले, तरी ते पोकळ वाटते. काय बदलू?

उत्तर : नव्या पदाला लागणारा एकच गुण ठेवा. प्राथमिक वर्गासाठी अर्ज असेल, तर ‘मुलाची नेमकी अडचण ओळखणे’. बाकीची विशेषणे खोडा आणि त्या जागी स्वतः पाहिलेला प्रसंग लिहा. उदाहरणार्थ : ‘तिसरीतला एक मुलगा वजाबाकीत चुकत असे. बाईंनी त्याची वही चाळली, तेव्हा चुका फक्त हातच्याच्या गणितांत दिसल्या. दहा काड्यांचा गठ्ठा सोडून त्यांनी दशक मोडणे समजावले. पुढच्या चाचणीत त्याने ती गणिते बरोबर सोडवली.’

शेवटी प्रत्येक वाक्यात दुसऱ्या शिक्षिकेचे नाव घालून पाहा. तिलाही चपखल बसणारे वाक्य काढून टाका.