शाखा ग्रंथालयांच्या देवघेवीचा रात्रीचा ताळमेळ

एका वाचकाने पुस्तक मुदतीत परत केले आणि तरीही पंधरवड्याने त्याच पुस्तकासाठी त्याला स्मरणपत्र आले, तर तो ग्रंथालयाविषयी काय समजेल, हे सांगावयास नको. पुस्तक परत केल्याची पावती पुष्कळदा दिलेली नसते. वाचकाजवळ केवळ स्मरण असते आणि ग्रंथालयाजवळ नोंद असते. अशा वादात बहुधा नोंदीचाच विजय होतो. म्हणून ती नोंद खरी असणे ही ग्रंथालयाची जबाबदारी ठरते. एका शाखेतून नेलेले पुस्तक दुसऱ्या शाखेत परत करण्याची सोय ज्या ग्रंथालयांत असते, तेथे ही जबाबदारी पार पाडण्याचे काम मुख्यतः रात्री होते.

सर्व शाखा अखंड जोडणीने एकाच मध्यवर्ती संगणकाशी बांधलेल्या असतील, तर प्रत्येक नोंद त्याच क्षणी मध्यवर्ती दप्तरी पडते. तथापि जोडणी वारंवार खंडित होते किंवा वीज जाते, अशा ठिकाणी शाखा आपल्या संगणकावर दिवसभराची देवघेव नोंदविते आणि ती रात्री मध्यवर्ती ग्रंथालयाकडे पाठविते. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासासाठी तयार झालेली आणि जानेवारी २००० मध्ये वापरात आलेली ‘कोहा’ ही मुक्त संगणकप्रणाली आज अनेक देशांत वापरली जाते. तीतही जोडणी नसताना व्यवहार वेळेसह नोंदवून ठेवण्याची व नंतर ते एकत्रितपणे दाखल करण्याची सोय आहे.

रोजकीर्द आणि खतावणी

या कामाचे मर्म जुन्या हिशेबपद्धतीत सापडते. व्यापारी दिवसभराचे व्यवहार प्रथम रोजकीर्दीत घडले त्या क्रमाने लिहितो व मागाहून खतावणीत प्रत्येकाच्या खात्यावर चढवितो. शाखेने रात्री पाठवावयाची ती रोजकीर्द. खतावणी मध्यवर्ती ग्रंथालयाने करावयाची. ‘पुस्तक क्रमांक १४३२७ सध्या शिल्लक आहे’ असे शाखेने कळविणे उपयोगाचे नाही. तीन शाखांनी एकाच पुस्तकाविषयी तीन परस्परविरोधी स्थिती कळविल्या, तर कोणती खरी हे ठरविण्याचे साधनच उरत नाही. उलट कोणत्या शाखेत, कोणत्या वेळी, कोणत्या पुस्तकाची व कोणत्या सभासदाची कोणती घटना घडली, एवढे कळविले की स्थिती आपोआप निष्पन्न होते.

एक उदाहरण घेऊ. एका शहरात मध्यवर्ती ग्रंथालय व त्याच्या स्टेशन शाखा आणि नदीकाठ शाखा अशा दोन शाखा आहेत असे समजू. पुस्तक क्रमांक १४३२७ मूळ मध्यवर्ती ग्रंथालयाचे असून तूर्त नदीकाठ शाखेत आहे. सोमवारी सकाळी ९.१५ वाजता एक शिक्षिका ते नदीकाठ शाखेतून नेते. वर्गासाठी हवे असलेले एक प्रकरण वाचून झाल्यावर घरी जाताना, सायंकाळी ५.४० वाजता, ती ते स्टेशन शाखेत परत करते. ६.१० वाजता तेच पुस्तक एक महाविद्यालयीन विद्यार्थी स्टेशन शाखेतून नेतो.

रात्री ९ वाजता स्टेशन शाखेची रोजकीर्द येते. नदीकाठची जोडणी बंद असल्याने तिची रोजकीर्द मंगळवारी सकाळी पोहोचते. आता नोंदी आल्या त्या क्रमाने खतावणी केली तर काय होते ते पाहा. प्रथम ५.४०ची परतीची नोंद येते. परंतु दप्तरी पुस्तक कोणाकडेच नाही, म्हणून ती निरर्थक समजून सोडून दिली जाते. त्यानंतर पुस्तक विद्यार्थ्याच्या नावे चढते. सकाळी शिक्षिकेची ९.१५ची नोंद येते. पुस्तक नुकतेच तिला दिले गेले असे समजून संगणक विद्यार्थ्याचे खाते बंद करतो व पुस्तक शिक्षिकेच्या नावे टाकतो. परिणामी जिने पुस्तक परत केले तिच्या नावे ते थकीत राहते आणि ज्याच्या घरी ते आहे त्याचे खाते कोरे दिसते. यात कोणत्याही कर्मचाऱ्याने चूक केलेली नसते. प्रत्येक नोंद खरी असते. चुकतो तो केवळ क्रम.

म्हणून पहिला नियम असा की, सर्व शाखांच्या नोंदी एकत्र कराव्यात, त्या घटनेच्या वेळेनुसार लावाव्यात आणि मगच खतावणी करावी. ९.१५ला दिले, ५.४०ला परत आले, ६.१०ला पुन्हा दिले, असा क्रम लागला की पुस्तक विद्यार्थ्याच्या नावे राहते व शिक्षिकेचे खाते मोकळे होते.

एखाद्या शाखेची रोजकीर्द रात्रीत आलीच नाही, तर आलेल्या शाखांची खतावणी करण्यास हरकत नाही. मात्र दोन पथ्ये पाळावी लागतात. ज्या परतीला जोडीची नोंद सापडत नाही ती टाकून न देता ‘मेळ न बसलेल्या नोंदी’त राखून ठेवावी. तसेच उशिरा आलेली नोंद पुस्तकाच्या दप्तरी असलेल्या शेवटच्या घटनेपूर्वीची असेल, तर तिने सद्यःस्थिती बदलू नये; ती त्या पुस्तकाच्या इतिहासात आपल्या जागी बसावी व राखून ठेवलेल्या परतीशी जुळवावी. आपल्या उदाहरणात मंगळवारी सकाळी शिक्षिकेची नोंद येताच तिची जोडीदार परत आधीच वाट पाहत असते.

परतीची वेळ कोणती धरावी

दुसरा प्रश्न विलंब शुल्काचा. एका निवृत्त गृहस्थाच्या पुस्तकाची मुदत सोमवारी संपते आणि ते सोमवारी सायंकाळीच दुसऱ्या शाखेत पुस्तक देतात. खतावणी मात्र मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे मंगळवारी होते. संगणकाने खतावणीची वेळ हीच परतीची वेळ मानली, तर त्यांच्यावर एका दिवसाचे शुल्क पडते. रक्कम क्षुल्लक असली तरी आकारणी अन्यायाची असते. परतीची तारीख ही पुस्तक खिडकीवर स्वीकारल्याची तारीखच असली पाहिजे. शाखा बंद असताना वाचक पुस्तके परत-पेटीत टाकतात. ती सकाळी काढून नोंदविताना आदल्या कामकाजाच्या दिवसाची तारीख देणे हेही याच न्यायाने योग्य ठरते.

याच कारणास्तव शुल्क आकारणी व स्मरणपत्रे ही कामे खतावणीनंतरच आणि सर्व शाखांच्या रोजकीर्दी आल्याची खात्री झाल्यावरच चालवावीत. एक शाखा बाकी असेल तर त्या रात्री स्मरणपत्रे थांबवावीत. ती एक दिवस उशिरा गेल्याने ग्रंथालयाचे काही बिघडत नाही. चुकीचे स्मरणपत्र मात्र वाचकाच्या हाती पडल्यावर मागे घेता येत नाही.

पुस्तक कोणाचे आणि कोठे

इतर शाखेत परत आलेल्या पुस्तकाला दोन पत्ते असतात. ते कोणत्या शाखेच्या मालकीचे हा एक आणि आज कोठे आहे हा दुसरा. कोहामध्ये यासाठी `homebranch` आणि `holdingbranch` अशी दोन स्वतंत्र रकाने आहेत. परत आल्याची नोंद केवळ दुसरा पत्ता बदलते, पहिला बदलत नाही.

येथे एक चूक सहज घडते. परत आलेले पुस्तक मूळ शाखेचे म्हणून रात्रीच्या प्रक्रियेत त्याचा दुसरा पत्ताही मूळ शाखा असा करून टाकला जातो. दुसऱ्या दिवशी सूचीत पुस्तक मध्यवर्ती ग्रंथालयात उपलब्ध दिसते, वाचक येतो, कर्मचारी मांडणी धुंडाळतो आणि पुस्तक मात्र स्टेशन शाखेच्या टेबलावर पडून असते. नोंदीने पुस्तकाच्या पुढे धावू नये. स्टेशन शाखेने पुस्तक पिशवीत घालून रवाना केल्यावर ‘प्रवासात’ अशी नोंद करावी आणि मध्यवर्ती ग्रंथालयाने ते हाती आल्यावर प्रत्यक्ष नोंदवूनच ‘उपलब्ध’ म्हणावे. दोन शाखांमध्ये आठवड्यातून दोनदा गाडी जात असेल, तर आठवड्याहून अधिक काळ ‘प्रवासात’ राहिलेल्या पुस्तकांची यादी काढावी. हरवलेली पिशवी किंवा नोंदविण्याचे राहिलेले पुस्तक त्या यादीत सापडते.

रात्रीच्या ताळमेळाची एक मर्यादाही मान्य केली पाहिजे. सोमवारी सायंकाळी स्टेशन शाखेस फक्त रविवार रात्रीपर्यंतचे चित्र ठाऊक असते. त्याच दिवशी सकाळी दुसऱ्या वाचकाने नदीकाठ शाखेत हे पुस्तक राखून ठेवण्याची मागणी नोंदविली असेल, तर ती स्टेशन शाखेला दिसत नाही व पुस्तक विद्यार्थ्याला दिले जाते. रात्री हा विरोध उघडकीस आला तरी दिलेले पुस्तक माघारी मागू नये. मागणी रांगेत पहिली ठेवावी व विद्यार्थ्याला मुदतवाढ देऊ नये, एवढेच करणे उचित.

घड्याळ, पुनरुक्ती आणि अपुरी रोजकीर्द

सर्व मदार वेळेवर असल्याने शाखेचे घड्याळ बरोबर असणे अत्यावश्यक होय. संगणकातील लहान बॅटरी संपली की वीज गेल्यावर त्याची तारीख कित्येक वर्षे मागे जाऊ शकते. अशा वेळी परतीची नोंद पुस्तक देण्याच्या नोंदीपूर्वी पडते आणि शिक्षिकेचे खाते पुन्हा थकीत दिसते. ओळखण्याची खूण सोपी आहे. रोजकीर्दीतील पहिली व शेवटची वेळ शाखेच्या कामकाजाच्या वेळेशी ताडून पाहावी. शाखा सकाळी ८ वाजता उघडत असता पहिली नोंद पहाटे ३ची असेल, तर ती रोजकीर्द बाजूस ठेवून शाखेस विचारणा करावी.

जोडणी मध्येच तुटली की रोजकीर्द दोनदा पाठविली जाते किंवा अर्धीच पोहोचते. यावर उपाय म्हणून प्रत्येक शाखेने नोंदींना सलग क्रमांक द्यावेत व शेवटी एकूण नोंदींची संख्या लिहावी. एकदा चढविलेला क्रमांक पुन्हा आला तर तो वगळावा. संख्या जुळत नसेल तर रोजकीर्द स्वीकारूच नये. अर्धी रोजकीर्द अधिक धोक्याची, कारण तीत सकाळी दिलेली पुस्तके येतात आणि सायंकाळच्या परती राहून जातात.

सकाळची तपासणी

सकाळी ग्रंथपालाने तीन गोष्टी पाहाव्यात. प्रत्येक शाखेने कळविलेली दिलेल्या व परत आलेल्या पुस्तकांची संख्या चढविलेल्या संख्येशी जुळते काय. मेळ न बसलेल्या नोंदी किती. आणि ‘प्रवासात’ रेंगाळलेली पुस्तके कोणती. मेळ न बसलेल्या नोंदी एकाच शाखेच्या असतील तर दोष बहुधा घड्याळाचा किंवा अपुऱ्या रोजकीर्दीचा असतो. त्या सर्व शाखांत विखुरलेल्या असतील तर एखादी रोजकीर्द आलेलीच नसते. यानंतर सूचीत ‘उपलब्ध’ दिसणारी दहा पुस्तके मांडणीवर जाऊन प्रत्यक्ष पाहावीत. आणि वाचक ‘मी पुस्तक परत केले आहे’ असे सांगत असेल, तर त्याच्या खात्याकडे बोट दाखविण्यापूर्वी ज्या शाखेचे नाव तो घेतो, त्या शाखेची त्या दिवसाची रोजकीर्द उघडावी.