९४ चा आकडा आणि चपटी लाट

मी मूळची अचलपूरची. ही गोष्ट घडली तेव्हा अमरावतीच्या एका खासगी अतिदक्षता विभागात रात्रपाळीला होते. पावसाळा संपत आला होता आणि मेळघाटाच्या पायथ्याच्या एका गावातली पन्नाशीची बाई स्क्रब टायफसने गंभीर होऊन आली होती. बीपी टिकावं म्हणून नॉरअॅड्रेनालिन चालू होतं आणि डाव्या मनगटाच्या धमनीत आर्ट लाइन होती. डॉक्टरांची ऑर्डर स्पष्ट होती: मीन प्रेशर ६५ च्या वर ठेवायचं.

संध्याकाळी स्क्रीनवर १२०/६०, मीन ८० होतं. रात्री दोनच्या सुमारास तिथे ९४/७२ दिसलं. मीन ७९ होतं, पण मी ते वाचलंच नाही. माझी नजर ९४ वर खिळली. ट्रान्सड्यूसर झिरो करून पाहिला, आकडा तोच. मग औषध तासाला ५ मिलिवरून ७ केलं, थोड्या वेळाने ९. सिस्टोलिक जेमतेम १०८ झालं. तेवढ्यात त्या बाईची मुलगी बाहेर आली आणि म्हणाली, ‘‘सिस्टर, मायचं डोस्कं लय दुखून रायलं.’’ पाहिलं तर नाडीचे ठोके मधूनमधून चुकत होते आणि बोटं गार पडली होती.

मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी आधी उजव्या दंडाला कफ बांधून बीपी घेतलं: १५२/७४, मीन १००. त्या क्षणी स्क्रीनवर १०८/९२, मीन ९७ होतं. दोन्हीकडचं मीन जवळपास जुळत होतं. सिस्टोलिकमध्ये मात्र ४४ चा फरक. ज्या बाईचं बीपी मुळात पडलंच नव्हतं, तिला मी दीड तास औषध वाढवून देत होते.

आकडा कोणत्या आकारातून येतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं. धमनीची निरोगी लाट सरळ चढते, टोकाला पोचते, उतरू लागते आणि उतारावर एक छोटी खाच पडते. ती डायक्रोटिक नॉच. महाधमनीत ही खाच महाधमनीची झडप बंद झाल्याची खूण असते. मनगटाच्या धमनीपर्यंत येताना लाटेचा आकार बदलतो. तिथली खाच उशिरा दिसते आणि ती घडवण्यात रक्तवाहिन्यांतून परत फिरलेल्या लाटांचाही मोठा वाटा असतो. म्हणून मनगटाच्या खाचेवरून झडपेबद्दल फार निष्कर्ष काढू नयेत. पण खाच कुठे आहे, हे जरूर पाहावं. सेप्सिसमध्ये रक्तवाहिन्या सैलावतात, तेव्हा ती खाली, डायस्टोलिकच्या जवळ सरकते. कधीकधी ती जवळपास दिसतही नाही.

इथेच नवख्याची फसगत होते. खाच दिसत नाही याचे दोन अर्थ निघतात: रुग्णाच्या वाहिन्या सैल आहेत किंवा लाइन मंदावली आहे. वेगळं ओळखायचं ते चढावरून. सैल वाहिन्यांतही लाट झटकन उभी चढते. मंदावलेल्या, म्हणजे डॅम्प झालेल्या लाइनमध्ये चढही आळसावतो, टोक गोल होतं आणि सगळी लाट टेकडीसारखी बुटकी दिसते. सिस्टोलिक खोटं खाली येतं, डायस्टोलिक खोटं वर जातं आणि मीन बरंचसं जागेवर राहतं. त्या रात्री स्क्रीनवर नेमकं हेच होतं.

डॉक्टरांनी फ्लशची कळ क्षणभर ओढून सोडली. स्क्रीनवर चौकोनी ठोकळा उमटला. लाइन चांगली असेल, तर ठोकळा संपताच रेघ एकदा खाली, एकदा वर झोके घेते आणि लगेच पुन्हा लाट सुरू होते. इथे एकही झोका नव्हता. रेघ उतारावरून घसरल्यासारखी हळूहळू खाली आली. लाइन आणि ट्रान्सड्यूसर लाटेला किती चपळ साथ देतात, हे अशा झोक्यांवरून मोजण्याची पद्धत अमेरिकेतल्या रीड गार्डनर यांनी १९८१ मध्ये मांडली. ती खाटेशेजारी उभं राहून आजही एका मिनिटात करता येते.

दोष प्रेशर बॅगेत निघाला. सलाइनची पिशवी बदलताना मी बॅगेत पुन्हा हवा भरली नव्हती. तिथे ३०० मिलिमीटर दाब लागतो, म्हणजे तासाला साधारण ३ मिलि सलाइन सरकत राहतं आणि रक्त मागे येत नाही. दाब पडल्यावर रक्त नळीत मागे आलं आणि कॅथेटरच्या टोकाशी बारीक गुठळी बसली. डॉक्टरांनी आधी सिरिंजने रक्त मागे ओढलं. दोऱ्याएवढी गुठळी बाहेर आली, त्यानंतरच फ्लश केलं. हा क्रम उलटा करू नये. जोराने ढकललेली गुठळी किंवा हवा हाताच्या बोटांकडे जाऊ शकते, फार मोठा आणि लांबलेला फ्लश मेंदूकडेही जाऊ शकतो. लाट परत उभी राहिली, खाच दिसू लागली आणि पहाटेपर्यंत औषध पुन्हा ५ वर आलं. डोकेदुखी ओसरली.

गुठळी नसेल, तर हवेचा बुडबुडा, मुडपलेलं मनगट किंवा सैल जोड शोधायचा. आमच्याकडच्या संत्रा बागायतदाराला हे पटकन समजेल: ठिबकच्या नळीत हवा अडकली, की पंपाचा प्रत्येक झटका ती हवाच गिळते. उलट दोषही असतो. नळी लांब असेल किंवा वाहिन्या कडक आणि नाडी वेगवान असेल, तर फ्लशनंतर रेघ बरेच झोके घेत राहते आणि लाटेला टोकदार सुळका येतो. तिथे सिस्टोलिक खोटं मोठं दिसतं. अशा वेळी मीनवर विसंबावं आणि कफशी ताडून पाहावं.

त्याच बाईने दुसऱ्या दिवशी मला सीव्हीपीचा धडा दिला. सकाळी सीव्हीपी ८ होतं. फिजिओथेरपीनंतर खाटेचं डोकं उंच केलं आणि ते १५ झालं. पाणी जास्त झालं असं वाटून मी सलाइन थांबवण्याबद्दल विचारायला निघाले होते. या वेळी मात्र आधी लाट पाहिली. ईसीजीच्या पी नंतरचा ‘ए’, त्यामागे छोटा ‘सी’, टीच्या शेवटाजवळ ‘व्ही’ आणि त्यांच्यामधले उतार सगळे जसेच्या तसे होते. अख्खी लाट फक्त वर सरकली होती. ट्रान्सड्यूसर स्टँडवरच राहिला होता आणि छाती त्याच्यापेक्षा साधारण १० सेंटिमीटर वर गेली होती. पाण्याचे १० सेंटिमीटर म्हणजे जवळपास साडेसात मिलिमीटर पारा. धमनीच्या दाबात एवढी चूक खपून जाते, सीव्हीपीत ती आकडा दुप्पट करते. ट्रान्सड्यूसर चौथ्या बरगडी-अंतराच्या पातळीत, काखेच्या मध्यरेषेवर आणला आणि पुन्हा ८ आलं.

सीव्हीपी श्वासाबरोबर हलतं, म्हणून ते श्वास सोडून संपतो त्या क्षणी वाचावं. रुग्ण स्वतः श्वास घेत असेल, तर तो क्षण लाटेच्या उंच भागात येतो. व्हेंटिलेटरवर असेल, तर खालच्या भागात. आलिंद फडफडत असेल, तर ‘ए’ नाहीसा होतो. ट्रायकस्पिड झडप गळत असेल, तर ‘सी’ आणि ‘व्ही’ मिळून एकच मोठी लाट होते. आणि सीव्हीपी कमी आहे म्हणून सलाइनने फायदा होईलच, असं या आकड्यावरून ठरवता येत नाही.

आता पाळी सुरू झाली, की मी आधी बॅगेचा काटा पाहते, मग ट्रान्सड्यूसरची पातळी, मग फ्लश. नव्या मुलींना फ्लशनंतरचे झोके मोठ्याने मोजायला लावते. परवा त्यांतली एक म्हणाली, ‘‘ताई, एकही नाही.’’ आणि औषधाच्या पंपाकडे न वळता ती आधी कफ आणायला गेली.