अशिलाला सल्ला : भागीदारी की प्रायव्हेट लिमिटेड?

एलएल.बी.च्या तोंडी परीक्षेत हा प्रसंग आला की बहुतेक मुलं बसल्याबसल्या कलमं सांगू लागतात. गुण तिथेच जातात. समजा, धारूरचे दोन चुलतभाऊ सीताफळाचा गर काढायचा कारखाना टाकताहेत. थोरल्याकडे जमीन आहे, धाकट्याकडे थोडी रोकड. बँकेकडून कर्ज घ्यायचं आहे.

आधी सांगा की इथे बोललेलं बाहेर जाणार नाही. मग विचारा, ‘दादा, मी तुमच्या दोघांचा वकील की एकाचा?’ उद्या दोघांत वाद झाला तर एकाच वकिलाला दोन्ही बाजू घेता येत नाहीत, हे तेव्हाच सांगून टाका.

त्यानंतर पाच मिनिटं फक्त ऐका. पैसा कोण किती घालणार, कर्जावर सह्या कुणाच्या, आणि सगळ्यात महत्त्वाचं, बागवाल्यांकडून फळ रोखीनं घेणार की उधारीवर? हा प्रश्न निम्मे विद्यार्थी विसरतात, आणि निकाल याच्यावरच फिरतो.

कसा, ते आकड्यांत दाखवा. धंदा बुडाला आणि बँकेचे 14 लाख, फळवाल्यांचे 5 लाख राहिले असं धरा. भागीदारीत प्रत्येक भागीदार पूर्ण देण्याला जबाबदार असतो, म्हणजे फळवाले सगळे 5 लाख एकट्या थोरल्याकडूनही वसूल करू शकतात, त्याच्या जमिनीपर्यंत. प्रायव्हेट लिमिटेडमध्ये ते देणं कंपनीचं. पण बँक संचालकांची वैयक्तिक हमी घेतेच घेते, म्हणून 14 लाख दोन्हीकडे मानेवर राहतात. ‘कंपनी काढली की घरदार सुरक्षित’ असं अशिलाला सांगणारा विद्यार्थी चुकीचा सल्ला देतो.

मग खर्चाची बाजू. कंपनीला उलाढाल कितीही असो, दरवर्षी लेखापरीक्षण लागतं, आणि वार्षिक विवरणपत्रांना उशीर झाला तर प्रत्येक विवरणपत्रामागे दिवसाला 100 रुपये भरावे लागतात. भागीदारी स्वस्त आहे, पण तिची नोंदणी करायलाच सांगा. नोंदणी नसलेल्या संस्थेला 1932 च्या कायद्याच्या कलम 69 प्रमाणे करारावरून बाहेरच्या ग्राहकावर दावा लावता येत नाही. भागीदारी पत्रात नफ्याचं प्रमाण लिहा, नाहीतर कायदा दोघांना सारखा वाटा देतो. एकाच्या मृत्यूनंतर काय, तेही लिहा. दोन भागीदारांतला एक गेला की भागीदारी संपतेच, म्हणून वारसाचा हिशेब कसा करायचा ते ठरलेलं हवं. एलएलपीचा तिसरा पर्याय एका वाक्यात सांगा, परीक्षक तो हमखास विचारतात.

शेवटी मत द्या, पण निर्णय अशिलावर सोडा. फळ रोखीनं घेणार असतील तर नोंदणीकृत भागीदारी पुरेशी आहे. उधारी मोठी असेल तर प्रायव्हेट लिमिटेडच काढावी. उठण्यापूर्वी सातबारा, आधार, पॅन आणि बँकेचं मंजुरीपत्र घेऊन पुढच्या भेटीला यायला सांगा. हमीच्या अटी त्या मंजुरीपत्रातच असतात.