धाव थांबताच येणारी भोवळ

इंदुरात हिवाळ्यातील एका दहा किलोमीटरच्या शर्यतीत मी वैद्यकीय तंबूत बसलो होतो. साठीच्या आसपासचे एक गृहस्थ शेवटचे दोनशे मीटर जिवाच्या आकांताने धावत आले आणि रेषा ओलांडताच घड्याळ पाहण्यासाठी जागीच उभे राहिले. अर्ध्या मिनिटात चेहरा पांढराफटक पडला, डोळ्यांपुढे अंधारी आली. दोघा स्वयंसेवकांनी मोठ्या आपुलकीने त्यांना बगलेत धरून उभे ठेवले. चूक झाली ती नेमकी येथे.

विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त फेकते; जोरात धावताना हाच आकडा 20 लिटरपर्यंत जातो आणि बहुतेक रक्त पायांच्या स्नायूंकडे वळते. तेथील रक्तवाहिन्या पूर्ण रुंदावलेल्या असतात. हे रक्त वर परत पाठविण्यात पोटऱ्यांचा मोठा वाटा असतो. प्रत्येक पावलागणिक स्नायू नीला पिळतात आणि नीलांतील झडपा रक्त खाली उतरू देत नाहीत. पाऊल थांबले की हा पंप तत्क्षणी थांबतो, रक्तवाहिन्या मात्र रुंदच राहतात. रक्त पायांत साचते, हृदयाकडे कमी परतते, रक्तदाब कोसळतो आणि सर्वांत उंचावर असलेल्या मेंदूला प्रथम टंचाई भासते. जमिनीवर कोसळणे हा खरे तर निसर्गाचाच उपचार. उभे धरून ठेवणारे तो हिरावून घेतात.

आम्ही त्यांना आडवे केले आणि पायांखाली सतरंजीची फूटभर उंच गुंडाळी दिली. वरचा रक्तदाब 84 होता, तो दोन-तीन मिनिटांत 112 झाला. सलाईनची गरज पडली नाही.

हे टाळण्यासाठी रेषेनंतर पाच-दहा मिनिटे चालत राहावे. ट्रेडमिलवरही वेग हळूहळू उतरवावा, एकदम बटण दाबू नये. गर्दीमुळे चालणे अशक्य असेल, तर टाचा वारंवार उचलाव्यात किंवा पायांची अढी घालून मांड्या आवळाव्यात. लगेच कढत पाण्याने स्नान नको, कारण त्वचेतील वाहिन्याही मग रुंदावतात. अशा चालण्याने दुसऱ्या दिवशीची अंगदुखी टळते असे सांगितले जाते, त्याला फारसा आधार नाही. त्याचा खरा उपयोग हाच.

मात्र धावता धावताच जो कोसळला, ज्याला छातीत दुखते, जो बरळतो किंवा आडवे करूनही काही मिनिटांत सावरत नाही, त्याची भोवळ ही नव्हे. तेथे हृदयविकार, उष्माघात किंवा अतिरिक्त पाणी प्यायल्याने घटलेले सोडियम यांचा शोध तातडीने घ्यावा.

सावरल्यावर मी त्या गृहस्थांना औषधांविषयी विचारले. प्रोस्टेटसाठी ते रोज टॅम्सुलोसिन घेत होते. त्याने रक्तवाहिन्या अधिकच सैलावतात, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. ते औषध त्यांच्या चिकित्सकांना विचारल्यावाचून बंद करू नये, पण यापुढे धावेनंतर पाचऐवजी दहा मिनिटे चालावे, एवढे मी त्यांना चिठ्ठीवर लिहून दिले.